नाव छापलेल्या भेटवस्तूंचा दर कसा काढायचा: आधी मिनिटं मोजा, मग पैसे

या कामात नवीन असताना एका ग्राहकाने मला दहा मगांचा दर विचारला. दहा मग, दहा वेगळी नावं. मी दर सांगितला, काम झालं. काही दिवसांनी त्यांनीच साठ मग मागितले, पुन्हा साठ वेगळी नावं. "आता एवढी मोठी ऑर्डर आहे, दर निम्मा करा," असं ते म्हणाले आणि मी केला. मोठ्या ऑर्डरमध्ये माणूस दर उतरवतोच, असं तेव्हा डोक्यात पक्कं होतं. काम संपवून हिशोब मांडला तेव्हा कळलं, की मगांचे पैसे सुटले, पण माझ्या मेहनतीचा मोठा भाग फुकट गेला.

मी कुठे चुकलो ते समजायला बराच वेळ लागला. लहान ऑर्डर नगामागे महाग पडते हे मला माहीत होतं. का महाग पडते, आणि मोठ्या ऑर्डरमध्ये दर नेमका किती खाली येऊ शकतो, हे मात्र मी कधी मोजलंच नव्हतं. हा लेख त्या मोजणीबद्दल आहे. उदाहरण सब्लिमेशनच्या, म्हणजे खास शाईने कागदावर छापलेलं डिझाइन गरम प्रेसमध्ये दाबून मगावर उतरवायच्या कामाचं घेतो, कारण नवीन माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो.

पायरी १: कामाचे तीन ढीग करा

एका ऑर्डरमधलं प्रत्येक काम घ्या आणि स्वतःला विचारा, हे किती वेळा करावं लागतं? उत्तरं तीनच येतात.

काही कामं ऑर्डरमागे एकदाच होतात. ग्राहकाशी बोलणं, डिझाइन बसवणं, प्रूफ पाठवून होकार मिळवणं, प्रिंटरची नोझल तपासणं, प्रेस तापवणं, एक चाचणी मग काढणं, बिल आणि पार्सल. मग एक असो की शंभर, ही कामं तेवढीच राहतात. हा तयारीचा ढीग.

काही कामं नावामागे एकदा होतात. नाव डिझाइनमध्ये टाकणं, लांब नाव चौकटीत मावतं का ते बघणं, यादीशी ताडून पाहणं, आणि शेवटी कोणाचा मग कोणता हे लावून ठेवणं.

उरलेली कामं नगामागे एकदा होतात. कागद कापायचा, मग पुसायचा, उष्णता सोसणाऱ्या टेपने कागद घट्ट बसवायचा, प्रेसमध्ये दाबायचा, काढून सोलायचा, थंड झाल्यावर डबीत भरायचा.

नवीन माणूस बहुतेक वेळा पहिला आणि तिसरा ढीग ओळखतो आणि मधला विसरतो. मीही तेच केलं होतं. एकच मजकूर असलेल्या पन्नास मगांमध्ये मधला ढीग एका नावापुरता असतो. पन्नास वेगळ्या नावांमध्ये तो पन्नास पट होतो, आणि संख्या कितीही वाढली तरी तो वाटला जात नाही. भेटवस्तूंच्या धंद्यात तर नावं वेगळीच असतात, म्हणून हा ढीग कायम सोबत राहतो.

पायरी २: घड्याळ लावून मोजा

अंदाजाने लिहू नका. पुढच्या तीन ऑर्डरना शेजारी घड्याळ ठेवा आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटं वहीत टिपा. माझ्या टेबलावर मोजणी साधारण अशी आली: बोलणं आणि ऑर्डर लिहून घेणं १२ मिनिटं, डिझाइन २५, प्रूफ आणि होकार ८, नोझल तपासणं व प्रेस तापवणं १०, चाचणी मग ८, बिल आणि पार्सल १२. मिळून ७५ मिनिटं. नावामागे ३ मिनिटं. नगामागे ६ मिनिटं.

नगामागची सहा मिनिटं थोडी समजावून सांगतो. मगाची प्रेस साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर तीन-चार मिनिटं दाबून ठेवावी लागते. नेमकी वेळ मगावरच्या लेपावर आणि यंत्रावर ठरते. त्या वेळात हात रिकामे नसतात. पुढच्या मगाला कागद बांधायचा असतो, मागचा डबीत भरायचा असतो. थंडगार मग आत ठेवला की प्रेसचं तापमान खाली येतं आणि पुन्हा चढायला वेळ घेतं. हे सगळं धरून एका प्रेसवर नगाला सहा मिनिटं खरी निघतात. यंत्रावर दिसणारी तीन मिनिटं पकडून दर काढणारा माणूस दिवसअखेर दमतो आणि तरी पन्नास मग पुरे होत नाहीत.

नावामागची तीन मिनिटं काहींना जास्त वाटतील. टायपिंगला एवढा वेळ लागत नाही हे खरं. पण ऋतुजा आणि रुतुजा, दोन्ही लिहिली जातात, आणि त्यातलं कोणतं बरोबर हे फक्त त्या मुलीच्या घरच्यांना माहीत असतं. ते आपण सुधारायचं नाही, विचारायचं. शिवाय काही जुन्या फॉन्टमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर फुटतं, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाऊन बसते, खालचा उकार चौकटीबाहेर कापला जातो. म्हणून प्रत्येक नाव छापण्याआधी डोळ्यांनी वाचावंच लागतं. यादी हस्ताक्षराच्या फोटोत किंवा आवाजी निरोपात आली तर तीन मिनिटांची पाच-सहा होतात. यादी युनिकोड मजकुरात, एका ओळीत एक नाव, अशीच मागा. तशी नसेल तर टायपिंगचे पैसे वेगळे सांगा.

पायरी ३: मालही मिनिटांतच लिहा

यासाठी आधी तुमच्या एका मिनिटाचा भाव काढा. महिन्याचा सगळा खर्च घ्या: जागा, वीज, यंत्राची झीज, आणि तुमचा स्वतःचा पगार. पगार विसरू नका, तो नफा नव्हे. या बेरजेला महिन्यातल्या खरोखर ऑर्डरवर जाणाऱ्या मिनिटांनी भागा. पंचवीस दिवस रोज आठ तास बसलात तरी आठही तास ऑर्डरवर जात नाहीत. माल आणणं, यंत्राची सफाई, कधीच न येणाऱ्या ऑर्डरचे फोन, यात दिवस जातो. मी दिवसाला पाच तास धरतो. म्हणजे २५ × ५ × ६० = ७,५०० मिनिटं. आठ तास धरले असते तर १२,००० आली असती आणि मिनिटाचा भाव कागदावर स्वस्त दिसला असता. तो स्वस्तपणा महिनाअखेर खिशातून गेला असता.

मिनिटाचा भाव हाती आला की कोरा मग, कागद, शाई, डबी यांच्या एका संचाची किंमत त्या भावाने भागा. समजा उत्तर १० आलं. म्हणजे एका नगाचा माल दहा मिनिटांच्या मोलाचा. असं केल्याने वेळ आणि माल एकाच मापात येतात. शेवटी एकदाच मिनिटाच्या भावाने गुणलं की पैशांतला आकडा मिळतो. भाव वाढले तर सगळी कोष्टकं नव्याने करायची गरज राहत नाही, फक्त मालाचा आकडा आणि मिनिटाचा भाव बदलायचा.

खराब जाणाऱ्या नगांचंही इथेच धरा. कागद दाबताना किंवा सोलताना जरा सरकला तर अक्षराभोवती सावली उठते. उष्णता किंवा दाब कमी पडला तर रंग फिका आणि मळकट दिसतो. कधी लेपातच डाग निघतो. माझ्याकडे पंचवीसात एक जातो. तो गेला की माल १०, दाबण्याचे ६, आणि ते एकच नाव शोधून पुन्हा छापण्याचे ३, मिळून १९ मिनिटं जातात. पंचवीस नगांवर पसरली तर प्रत्येकी पाऊण मिनिट. मी सरळ १ धरतो. तुमचं यंत्र नवीन असेल आणि हात अजून बसला नसेल, तर पहिल्या काही ऑर्डरमध्ये हा आकडा तिप्पटही निघू शकतो. तो ग्राहकावर टाकू नका, पण वहीत लिहा.

पायरी ४: दोन आकड्यांत दर बसवा

आता सगळं जुळवू. ऑर्डरमागे एकदाच लागणारं: तयारी ७५, चाचणी मगाचा माल १०, मिळून ८५. प्रत्येक नगामागे: नाव ३, काम ६, माल १०, खराबी १, मिळून २०. म्हणजे

एकूण मिनिटं = ८५ + (२० × नग)

आता वेगवेगळ्या संख्यांना हे लावून बघा. एक मग: १०५ मिनिटं. दहा मग: २८५, म्हणजे नगामागे साडेअठ्ठावीस. पंचवीस मग: नगामागे २३.४. पन्नास: २१.७. शंभर: २०.८५.

हे आकडे थोडा वेळ डोळ्यांपुढे ठेवा, या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं यात आहे. एकावरून दहावर जाताना नगाचा खर्च १०५ वरून २८.५ वर कोसळतो. पन्नासावरून शंभरावर जाताना एक मिनिटसुद्धा कमी होत नाही. आणि २० च्या खाली तो कधीच जाणार नाही, हजार मग असले तरी. कारण ते वीस नावाचे, हाताचे आणि मालाचे आहेत. वाटली जाणारी गोष्ट फक्त ८५ आहे, आणि पन्नास नगांपर्यंत ती जवळजवळ वाटून संपलेली असते.

आता माझ्या साठ मगांकडे परत येऊ. खर्च होता ८५ + १,२०० = १,२८५ मिनिटं. मी दहाच्या दराच्या निम्मा, म्हणजे नगाला सव्वाचौदा धरला होता. साठ नगांचे झाले ८५५. तूट ४३० मिनिटं, सात तासांहून जास्त. नफ्याचं तर नावच नको. खरं तर मी दर २८.५ वरून २१.४ पर्यंत, म्हणजे सुमारे पाव हिश्शाने उतरवू शकत होतो. मला मागितला होता अर्धा.

तेच साठ मग एकाच मजकुराचे असते तर? नावाची तीन मिनिटं एकदाच. मग ८८ + (१७ × ६०) = १,१०८, नगामागे साडेअठरा. सूट थोडी अधिक देता आली असती, पण अर्धी तरीही नाही. म्हणून कोणी मोठी संख्या सांगितली की माझा पहिला प्रश्न असतो: "नावं किती?" नग किती हा दुसरा.

नफा या सगळ्यावर वेगळा चढवायचा. तो किती, हे तुमच्या बाजारावर आणि कामाच्या सफाईवर आहे. पण तो ८५ वरही चढवा आणि २० वरही. बरेच जण तयारीचा आकार "जेवढा खर्च तेवढाच" लावतात आणि सगळा नफा नगावर ठेवतात. मग पाच-सात नगांच्या ऑर्डरीत दिवस भरतो, पण हाती काही उरत नाही.

पायरी ५: ग्राहकाला दर कसा सांगायचा

दोन पद्धती आहेत. पहिली, तयारीचा आकार वेगळा आणि नगाचा दर वेगळा. दुसरी, टप्पे: १० ते २४ ला हा दर, २५ च्या पुढे तो दर. ग्राहकाला दुसरी सोपी वाटते, आणि दरपत्रकात तीच छान दिसते. पण तिच्यात एक खड्डा आहे.

समजा १० ते २४ चा दर २८.५ आणि २५ पासून २३.४ ठेवला. चोवीस मगांचे होतात ६८४. पंचवीसांचे ५८५. एक मग जास्त घेतला आणि बिल शंभराने कमी! हिशोब केला तर २१ ते २४ मधला प्रत्येक ग्राहक पंचवीस घेऊन पैसे वाचवू शकतो. हुशार ग्राहक तेच करतो, आणि भोळ्या ग्राहकाला नंतर कळलं तर तो पुन्हा येत नाही. मला हे दुसरं जास्त बोचतं.

म्हणून मी आता पहिलीच पद्धत वापरतो. बिलावर "तयारी व चाचणी" अशी एक ओळ आणि "नग, नावासह" अशी दुसरी. कोणी विचारलं "पाचच मग, एवढे महाग का?" तर त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून सांगता येतं, की हे काम एका मगालाही करावं लागतं आणि पन्नासालाही. बहुतेकांना पटतं. काही जण तिथेच संख्या वाढवतात. टप्पेच ठेवायचे असतील तर ते जवळजवळ ठेवा, १०, १५, २०, ३०, ५० असे, म्हणजे दोन दरांमधली उडी लहान राहते. पण प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्याच्या सर्वांत लहान संख्येवर काढा, सरासरीवर नाही.

पायरी ६: ऑर्डर फुटते तेव्हा

कागदावर पन्नासाची असलेली ऑर्डर प्रत्यक्षात पन्नासाची राहतेच असं नाही. सगळं छापून, प्रेस थंड करून झाल्यावर निरोप येतो: "अजून तीन नावं राहिली." ग्राहकाच्या मते हे त्रेपन्नाव्या नगापर्यंतचं काम आहे. तुमच्या टेबलावर ती नवी ऑर्डर आहे. डिझाइन तयार आहे, जुन्या नोंदीवरून तापमान आणि वेळ माहीत आहे, म्हणून चाचणी मग वाचतो. तरी बोलणं ४, फाइल उघडून जागेवर आणणं ३, प्रूफ ४, यंत्र १०, बिल-पार्सल १२, एवढी ३३ मिनिटं लागतातच. अधिक तीन नगांचे ६०. मिळून ९३, म्हणजे नगामागे ३१. पन्नासाच्या दराने दिले तर प्रत्येक नगाला नऊ मिनिटं तुमची.

यावर भांडण नको, आधीच स्पष्ट लिहा: यादी मंजूर झाल्यावर आलेली नावं पुनर्ऑर्डर धरली जातील. "शंभर घेतो, पण चार वेळा पंचवीस-पंचवीस" हाही तोच प्रकार आहे. दर शंभराचा आणि तयारी चार वेळा, हे जमत नाही.

प्रूफ म्हणजे सगळी नावं एका पानावर, जशी छापली जातील तशीच, आणि त्याखाली ग्राहकाचा लेखी होकार. मंजूर पानावर चुकीचं नाव असेल तर नवा मग ग्राहकाच्या खर्चाने, पान बरोबर आणि मग चुकीचा असेल तर माझ्या. हा नियम ठेवल्यापासून लोक यादी खरंच वाचतात. आणि चाचणी मग वाचवायचा मोह झाला तर एवढं आठवा: सब्लिमेशनचा कागद उलट्या प्रतिमेत छापावा लागतो. ते बटण विसरलं तर पहिल्या मगावर नाव उलटं दिसतं आणि दहा मिनिटांच्या मालावर भागतं. चाचणी न करता कागदांचा गठ्ठा छापून बसलात तर सगळे कागद जातात. नाव कानाच्या कोणत्या बाजूला येतं, हेही त्याच मगावर कळतं. उजव्या हाताने धरणाऱ्यासमोर यायचं की समोरच्याला दिसायचं, ते ग्राहकाला विचारून घ्या.

पायरी ७: एका नगाची ऑर्डर नाकारण्याआधी

१०५ मिनिटांचा एक मग कोणी घेणार नाही, हे उघड आहे. पण नाव छापलेली भेट लोकांना बहुतेक वेळा एकच हवी असते. दर पाडून उपयोग नाही, तयारीच कापावी लागते.

मी पाच-सहा ठरलेली डिझाइनं करून ठेवली. एकट्या मगाला यातलंच एक निवडायचं, फक्त नाव बदलेल, रंग आणि फॉन्ट नाही. नाव ग्राहकाने स्वतः फॉर्ममध्ये टाईप करायचं. आणि अशा ऑर्डर आठवड्यातून दोनच दिवशी, एकत्र दाबायच्या. एका खेपेत दहा जमल्या तर हिशोब असा होतो: बोलणं ३, डिझाइन शून्य, प्रूफ ३, यंत्राच्या दहा मिनिटांतलं प्रत्येकाच्या वाट्याला १, चाचणीच्या आठातलं जवळजवळ १, बिल-पार्सल ६, कारण पार्सलं ओळीने बांधली जातात. मिळून १४. चाचणी मगाच्या मालाचा वाटा १. नगाचे नेहमीचे २०. एकूण ३५. एकट्या मगाचा खर्च एक तृतीयांश झाला, आणि त्यासाठी मिनिटाचा भाव कुठेही कमी केला नाही.

याची अट मात्र एकच आणि कडक. "जरा नाव थोडं वर घ्या, आणि तो फुलाचा रंग बदला" असं कोणी म्हटलं की ती ऑर्डर ३५ ची राहत नाही, सरळ १०५ ची होते. तसं नम्रपणे सांगायचं आणि निवड त्यांच्यावर सोडायची.

दुसऱ्या छपाईत ढीग तेच राहतात, फक्त वजन बदलतं. भरतकामात चिन्हाचं डिजिटायझिंग, म्हणजे यंत्राला समजेल अशी टाक्यांची फाइल करणं, हा मोठा एकदाचा खर्च, आणि कापड चौकटीत ताणणं हे नगाचं. लेझरने पेनावर नाव कोरताना पेनं धरून ठेवणारा साचा एकदा बनतो, आणि नावामागची मिनिटं तीच राहतात. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा पडदा लागतो, त्यामुळे दर नावाला पडदा करणं शक्यच नाही. सगळ्यांवरचं चिन्ह पडद्याने आणि नाव वेगळ्या पद्धतीने, असं दोनदा काम धरावं लागतं, दोन्हीची तयारी वेगवेगळी मोजून.

दर तीन महिन्यांनी मी एका लहान आणि एका मोठ्या ऑर्डरला पुन्हा घड्याळ लावतो. मागच्या वेळी तयारी ७५ ची ६८ झाली होती, कारण फॉर्म सुधारला. पण नावामागचे तीनचे साडेतीन झाले होते, कारण लोक आडनावही मागायला लागले. सूत्रातले आकडे त्याच दिवशी बदलले, आणि दरपत्रक दुसऱ्या दिवशी.